जुळलेल्या ताळेबंदातली चूक

रविवारी सकाळी पुतणीचा फोटो आला. ती कराडला बारावी वाणिज्यला आहे. पुस्तपालनाचं एक पान, त्यावर मधोमध पडलेली तिच्याच हाताची सावली, आणि खाली निरोप : ‘‘काका, तीनदा सोडवलं. ताळेबंद जुळतो, पण पुस्तकातल्या उत्तरापेक्षा दोन हजारांनी कमी येतो. कुठे चुकलं?’’

तीस वर्षं दुसऱ्यांचे हिशेब लिहिण्यात गेल्यामुळे असा प्रश्न समोर आला की चहा गार होतो. मी कागद-पेन्सिल घेतली आणि आधी फोटोतली तेरीज उतरवून काढली. उत्तर शोधण्याआधी प्रश्न नीट वाचला गेलाय का, हे पाहायला हवं, आणि फोटोच्या बाबतीत तर जरा जास्तच. सुदैवाने तेरीज स्वतःच आपली साक्ष देते. तिच्या नावे आणि जमा या दोन्ही बाजूंची बेरीज सारखी यायला हवी. ती आली, की आकडे बहुधा बरोबर वाचले गेले असं धरून चालता येतं.

माझी पहिल्या फटक्यात आली नाही. नावे बाजू ६,३५,००० आणि जमा बाजू ६,८०,०००. फरक ४५,०००, आणि त्याला ९ ने पूर्ण भाग जातो. जुन्या हिशेबनिसांची ही खूण आहे : शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली असेल, तर फरकाला नऊने भाग जातोच. आकडे परत पाहिले. ऋणको ६१,००० होते, मी १६,००० लिहिले होते, कारण त्याखालच्याच ओळीत बँकेचे १६,००० होते आणि डोळा तिकडे घसरला. ते दुरुस्त केल्यावर तेरीज अशी झाली. (३१ मार्च २०२४ ची, भागीदारांची नावं पुस्तकात नेहमी असतात तशीच, अनिल आणि सुनील.)

| नावे बाजू | रुपये | जमा बाजू | रुपये |
|---|---|---|---|
| यंत्रसामग्री | २,००,००० | भांडवल : अनिल | १,८०,००० |
| फर्निचर | ५०,००० | भांडवल : सुनील | १,२०,००० |
| आरंभीचा माल | ३५,००० | विक्री | ३,५०,००० |
| खरेदी | २,१०,००० | धनको | ३०,००० |
| मजुरी | १८,००० | | |
| पगार | ४२,००० | | |
| भाडे (११ महिन्यांचे) | २२,००० | | |
| विमा | ६,००० | | |
| ऋणको | ६१,००० | | |
| बँक शिल्लक | १६,००० | | |
| उचल : अनिल | १२,००० | | |
| उचल : सुनील | ८,००० | | |
| एकूण | ६,८०,००० | एकूण | ६,८०,००० |

तेरजेखाली समायोजना होत्या. अखेरचा माल ४८,०००. यंत्रसामग्रीवर द.सा. १० टक्के आणि फर्निचरवर द.सा. ५ टक्के घसारा. एका महिन्याचं भाडं देणं बाकी. भांडवलावर द.सा. ५ टक्के व्याज, उचलीवर द.सा. १० टक्के व्याज. आणि सुनीलला दरमहा १,००० रुपये पगार.

आता खरी अडचण. तेरजेतला आकडा चुकीचा वाचला तर बेरीज आपल्याला अडवते. समायोजना चुकीची वाचली तर अडवणारं कोणी नसतं. घसारा १८,००० धरा, २०,००० धरा किंवा अगदी धरूच नका. दोन्ही परिणाम नेमाने लिहिले, तर ताळेबंद जुळणारच. पुतणीचाही जुळला होता, दोन्ही बाजूंना ३,५२,५००.

हे दोन परिणाम कुठून येतात, ते एकदा पाहून घेऊ. ‘समायोजनेला दोन परिणाम’ हे वाक्य विद्यार्थी पाठ करतात आणि मग कुठेही लावतात. तेरजेत आलेली रक्कम वहीत लिहून झालेली असते. तिची नावे-जमा दोन्ही अंगं पूर्ण झालेली असतात, आपण फक्त तिला योग्य जागी नेऊन ठेवतो, म्हणून तिचा परिणाम एकच. समायोजना म्हणजे जी गोष्ट वहीत अजून लिहिलेलीच नाही ती. तिची दोन्ही अंगं आता लिहायची, म्हणून परिणाम दोन. यावरूनच कळेल, की ‘घसारा’ हा शब्द तेरजेच्या आत दिसला तर यंत्राची किंमत आधीच कमी झालेली आहे. तो फक्त नफा-तोटा खात्यात न्यायचा, यंत्रातून पुन्हा वजा करायचा नाही. फोटोत तेरजेची शेवटची रेघ दिसत नसेल, तर एखादी ओळ रेघेच्या वर आहे की खाली, हे कळत नाही आणि इथेच घात होतो.

पुतणीच्या फोटोत रेघ दिसत होती. सावली होती ती यंत्रसामग्रीच्या ओळीखाली. मी फोटो बोटांनी मोठा केला. सावलीत बारीक अक्षरांची एक ओळ आहे एवढंच कळत होतं. फोन केला.

‘‘यंत्रसामग्रीखाली कंसात काय लिहिलंय?’’

‘‘कंसात? थांबा हं.’’ पान उलटल्याचा आवाज. ‘‘एक ऑक्टोबर २०२३ रोजी घेतलेल्या ४०,००० रुपयांच्या यंत्रासह. अय्या, हे मी वाचलंच नव्हतं.’’

म्हणजे पुस्तक समोर असूनही ती ओळ तिच्या नजरेतून सुटली होती, आणि फोटोत नेमकी तीच सावलीखाली गेली. तिने सरसकट २,००,००० वर १० टक्के, म्हणजे २०,००० घसारा धरला होता. पण चाळीस हजारांचं नवं यंत्र वर्षात सहाच महिने चाललं. जुनी यंत्रं १,६०,००० ची, त्यांचा पूर्ण वर्षाचा घसारा १६,०००. नव्या ४०,००० चा वर्षाचा ४,०००, सहा महिन्यांचा २,०००. एकूण १८,०००. दोन हजार सापडले.

इथे महिने मोजायला लावतो तो ‘द.सा.’ हा इवलासा शब्द. दर सालासाठी आहे, म्हणून काळ मोजायचा. फोटोत तो पुसट झाला तर गणिताचा अर्थच बदलतो. नुसतं ‘१० टक्के घसारा आकारा’ असं असेल, तर मुदत न मोजता सरळ दहा टक्के घ्यावेत असंही बरेच शिक्षक शिकवतात. खऱ्या धंद्यात आणखी निराळा नियम भेटतो. आयकराच्या हिशेबात महिने मोजत नाहीत. नवी वस्तू त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली असेल तर निम्मा दर, नाहीतर पूर्ण. त्यामुळे एकाच यंत्राचा घसारा दुकानाच्या वहीत एक आणि कराच्या विवरणात दुसरा असू शकतो, आणि त्यात लबाडी काहीच नसते.

पद्धतीचाही एक मुद्दा आहे. १,६०,००० ही जुन्या यंत्रांची मूळ किंमत की आधीच घसारा वजा होऊन उरलेली? समजा, ती एप्रिल २०२१ मध्ये दोन लाखांना घेतली आणि सरळ पद्धतीने दर वर्षी २०,००० कमी होत गेले, तर दोन वर्षांनी उरतात बरोबर १,६०,०००. मग या वर्षीचाही घसारा २०,००० व्हायला हवा, १६,००० नव्हे, कारण सरळ पद्धतीत टक्के मूळ किमतीवर लागतात. घटत्या शिलकेच्या पद्धतीत ते उरलेल्या किमतीवर लागतात. एका वर्षाच्या अशा प्रश्नात पद्धत सांगितलेली नसते आणि मूळ किंमतही दिलेली नसते. तेव्हा तेरजेतल्या आकड्यावर दर लावायचा, एवढंच करता येतं. पण प्रश्नात मूळ किंमत किंवा पद्धत दिलेली असेल आणि ती फोटोच्या बाहेर राहिली असेल, तर उत्तर चुकेल आणि जुळेलही.

मी तिला समायोजनांचा तक्ता करायला सांगितलं. खाती लिहायला घेण्याआधी हा तक्ता आखावा, असं माझं मत आहे. बहुतेक मुलं उलट करतात : थेट व्यापार खात्याला हात घालतात आणि समायोजना आठवेल तशी मध्ये खुपसतात. मग एक अंग लिहिलं जातं आणि दुसरं राहून जातं. तक्त्यात दोन रकाने समोरासमोर असतात, त्यामुळे रिकामा राहिलेला चौकोन लगेच डोळ्यांत येतो.

| समायोजना | हिशेब | रक्कम | पहिला परिणाम | दुसरा परिणाम |
|---|---|---|---|---|
| अखेरचा माल | दिलेली रक्कम | ४८,००० | व्यापार खाते, जमा | ताळेबंद, संपत्ती |
| यंत्रांचा घसारा | १,६०,००० × १०% + ४०,००० × १०% × ६/१२ | १८,००० | नफा-तोटा, नावे | यंत्रसामग्रीतून वजा : १,८२,००० |
| फर्निचरचा घसारा | ५०,००० × ५% | २,५०० | नफा-तोटा, नावे | फर्निचरमधून वजा : ४७,५०० |
| भाडे देणे बाकी | २२,००० ÷ ११ | २,००० | भाड्यात मिळवा : २४,००० | ताळेबंद, देणे |
| भांडवलावर व्याज | अनिल ९,०००. सुनील ६,००० | १५,००० | नफ्यातून वजा | भांडवलात जमा |
| सुनीलचा पगार | १,००० × १२ | १२,००० | नफ्यातून वजा | सुनीलच्या भांडवलात जमा |
| उचलीवर व्याज | अनिल १२,००० × १०% × ६/१२ = ६००; सुनील ८,००० × १०% × ६/१२ = ४०० | १,००० | नफ्यात मिळवा | भांडवलातून वजा |

उचलीच्या ओळीत सहा महिने कुठून आले, असं तिने विचारलं. उचल कोणत्या तारखांना केली हे दिलेलं नाही. कुणी एप्रिलमध्ये पैसे काढले असतील, कुणी मार्चमध्ये. म्हणून सरासरी अर्धं वर्ष धरायचं असा प्रघात आहे. तारखा दिल्या असत्या तर एकेका तारखेपासून ३१ मार्चपर्यंतचे महिने मोजावे लागले असते.

तक्ता झाल्यावर बाकीचं काम भराभर उरकलं. विक्री आणि अखेरचा माल मिळून ३,९८,०००. त्यातून आरंभीचा माल, खरेदी आणि मजुरीचे २,६३,००० गेले, ढोबळ नफा १,३५,०००. पगार, भाडं, विमा आणि दोन्ही घसारे मिळून ९२,५००. उरले ४२,५००. त्यात उचलीवरचं व्याज १,००० मिळवलं, भांडवलावरचं १५,००० आणि सुनीलच्या पगाराचे १२,००० वजा केले, राहिले १६,५००. ताळेबंदाची बेरीज आता ३,५४,५००, पुस्तकातल्या उत्तराशी तंतोतंत. राज्य मंडळाच्या पद्धतीत भागीदारांचं व्याज आणि पगारही नफा-तोटा खात्यातच घेतात, म्हणून पुस्तकातला निव्वळ नफा १६,५०० असतो; तोही जुळला.

‘‘जुळलं काका!’’ ती फोन ठेवायच्या बेतात होती.

‘‘नफा कोणत्या प्रमाणात वाटलास?’’

‘‘तीनास दोन. ९,९०० आणि ६,६००.’’

‘‘कुठे लिहिलंय?’’

थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाली, ‘‘भांडवलं १,८०,००० आणि १,२०,००० आहेत ना. म्हणजे तीनास दोनच झालं की.’’

मला पाठवलेल्या फोटोत प्रश्नाची पहिली ओळ वरून कापली गेली होती, म्हणून मी विचारलं. तिने पुस्तकात पाहिलं. ‘अनिल व सुनील हे २ : १ या प्रमाणात नफा-तोटा वाटून घेणारे भागीदार आहेत.’ मागच्या पानावर सगळ्यात खाली होती ती ओळ. भांडवलाचं प्रमाण आणि नफ्याचं प्रमाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुणी पैसा जास्त घालतो, कुणी गिऱ्हाईक आणतो, कुणी दिवसभर गल्ल्यावर बसतो, आणि वाटणी ठरते ती करारात. कराराने काहीच ठरवलं नसेल तर भारतीय भागीदारी कायदा, १९३२ मधलं तेरावं कलम लागू होतं : नफा-तोटा समसमान, मग भांडवल कितीही कमीजास्त असो. भागीदाराला कामाचा पगार नाही, भांडवलावर व्याज नाही. फक्त भांडवलाशिवाय वरून उसने दिलेल्या पैशांवर सालाना ६ टक्के व्याज. पण हे सगळं करार गप्प असेल तेव्हा. इथे करार गप्प नव्हता, फोटो गप्प होता.

नेमकी हीच चूक पकडायला कोणतीही सोय नाही. २ : १ ने अनिलला ११,००० आणि सुनीलला ५,५००. तीनास दोनने ९,९०० आणि ६,६००. समसमान धरलं तर दोघांना ८,२५०. तिन्ही वाटण्यांची बेरीज १६,५०० च, भांडवलांची एकत्रित बेरीज ३,२२,५०० च आणि ताळेबंदाची ३,५४,५०० च. पुस्तकाच्या मागे दिलेलं उत्तरही फक्त निव्वळ नफा आणि ताळेबंदाची बेरीज सांगत होतं, म्हणून तेही गप्प बसलं. घसाऱ्याची चूक उत्तराने पकडून दिली, वाटणीची कधीच दिली नसती. अनिलचे १,१०० रुपये सुनीलच्या खात्यात जाऊन बसले असते आणि पुतणी पुढच्या प्रश्नाकडे वळली असती.

योगायोगाने एक खूण मात्र या प्रश्नातच दडलेली होती. तिने प्रमाण २ : १ बरोबर घेऊन घसारा २०,००० धरला असता, तर वाटायला १४,५०० उरले असते आणि त्यांना तीनने भाग जात नाही, ९,६६६ रुपये ६७ पैसे असं काहीतरी निघालं असतं. पाठ्यपुस्तकातल्या प्रश्नात वाटणी बहुतेक वेळा पूर्ण रुपयांत येते, म्हणून पैसे निघाले की मागे वळून पाहावं. तिच्या दोन चुका एकत्र आल्या आणि ८,७०० व ५,८०० असे गुळगुळीत आकडे निघाले. दोन चुकांनी मिळून एकमेकींना झाकलं.

शेवटी मी तिच्याकडून एक ताळा करून घेतला. तो मला इतर कोणत्याही ताळ्यापेक्षा जास्त आवडतो. दोघांच्या हाती वर्षभरात काय आलं ते मोजायचं. अनिल : व्याज ९,०००, नफ्याचा वाटा ११,०००, उचलीवरचं व्याज ६०० वजा; १९,४००. सुनील : व्याज ६,०००, पगार १२,०००, वाटा ५,५००, व्याज ४०० वजा, २३,१००. बेरीज ४२,५००. हाच तो व्याज-पगार धरण्याआधीचा नफा.

‘‘म्हणजे सुनीलला जास्त मिळाले?’’ ती म्हणाली. ‘‘त्याचा वाटा तर निम्मा आहे.’’

हो, पगारामुळे. भांडवलावरचं व्याज, भागीदाराचा पगार, उचलीवरचं व्याज या तिन्हींनी ४२,५०० चा आकडा एक रुपयानेही हलत नाही. ते फक्त तो कुणाकडे किती जाणार हे ठरवतात. त्यांना खर्च म्हणायची सवय लागते ती खात्याच्या त्याच बाजूला ते लिहिले जातात म्हणून. घसारा मात्र खराच खर्च आहे. तो दोन हजारांनी वाढला की ४२,५०० चेच ४०,५०० होतात आणि ते दोन हजार दोघांच्याही हातून, २ : १ ने, निघून जातात. कायदाही हा फरक मानतो : भांडवलावर व्याज देण्याचं करारात ठरलेलं असलं, तरी त्याच तेराव्या कलमानुसार ते नफ्यातूनच द्यायचं असतं. घसाऱ्याला अशी अट नाही. तोटा झाला तरी यंत्र झिजतंच.

अखेरीस भांडवलं उरली ती अशी : अनिल १,८७,४००, सुनील १,३५,१००. तिने ती वहीत लिहून पानाचा फोटो पाठवला. या वेळी सावली नव्हती, पण वरची ओळ पुन्हा अर्धी कापलेली होती.

तेव्हा घरात कुणी बारावीचं असेल आणि असा फोटो तुमच्याकडे आला, तर सोडवायला बसण्याआधी तीन गोष्टी मागून घ्या : प्रश्नाची पहिली ओळ, तेरजेतले सगळे कंस, आणि पान उलटल्यावर पुढे काही आहे का, त्याचा दुसरा फोटो.